माल सरकतो तेव्हा : ट्रकच्या दोन आसांवरचा भार आणि उलटण्याची सीमा

सपाट रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रकचे आणि त्यातल्या मालाचे मिळून जेवढे वजन असते, तेवढेच बल रस्ता खालून वर लावत असतो. हे बल चाकांतून आसांवर, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या एक्सलवर येते. पुढच्या आसावर येणारे बल ही पुढची प्रतिक्रिया आणि मागच्या आसावर येणारे बल ही मागची प्रतिक्रिया. दोन्हींची बेरीज नेहमी एकूण वजनाएवढी असते. त्या बेरजेचा कोणता हिस्सा पुढे आणि कोणता मागे, हे मात्र माल हौद्यात कुठे ठेवला आहे यावर ठरते. माल तेवढाच असूनही तो हातभर मागे सरकला की मागचा आस मर्यादेबाहेर जाऊ शकतो. तो फारच मागे गेला तर पुढची चाके रस्ता सोडतात. ही वाटणी कशी होते, ती कोणत्या सीमांमध्ये ठेवावी लागते आणि उलटण्याची सीमा नेमकी कुठे असते, हे एका साध्या दोन आसांच्या ट्रकवरून समजून घेता येते.

वाटणीचा नियम

दोन माणसे बांबूला पोते अडकवून तो खांद्यावर नेतात, तेव्हा पोते ज्याच्या जवळ असते त्याच्या खांद्यावर जास्त भार येतो. ट्रकचे दोन आस म्हणजे हेच दोन खांदे. पोते मधोमध असेल तर भार निम्मा-निम्मा, आणि एकाच्या अगदी डोक्याशी आले तर सगळा भार त्याच्यावर.

यामागचा नियम तरफेचा आहे. एखादे बल एखाद्या टेकूभोवती वस्तू फिरवण्याचा जो प्रयत्न करते, त्याला परिबल म्हणतात. बल गुणिले टेकूपासूनचे अंतर, एवढे ते असते. ट्रक स्थिर उभा आहे याचा अर्थ त्याला एका बाजूला फिरवू पाहणारी परिबले आणि दुसऱ्या बाजूला फिरवू पाहणारी परिबले सारखी आहेत. पुढचा आस टेकू मानला, तर माल ट्रकचा मागचा भाग खाली दाबतो आणि मागच्या आसाची प्रतिक्रिया तो वर उचलून धरते. त्यावरून सरळ सूत्र मिळते :

मालामुळे मागच्या आसावर येणारा भार = मालाचे वजन × (पुढच्या आसापासून मालाच्या गुरुत्वमध्याचे अंतर ÷ दोन आसांमधले अंतर)

उरलेला भार पुढच्या आसावर. गुरुत्वमध्य म्हणजे जिथे सगळ्या मालाचे वजन एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू. सारख्या पोत्यांची सारखी थप्पी लावली असेल तर तो थप्पीच्या मध्यावर असतो. यंत्रासारख्या वस्तूत तो जड बाजूकडे झुकलेला असतो. या हिशेबात मालाची उंची कुठेच येत नाही, कारण गाडी सपाटीवर उभी आहे. चढावर किंवा ब्रेक लागताना उंचीचा संबंध येतो. तो पुढे पाहू.

उदाहरणातला ट्रक

हिशेबासाठी एक ट्रक घेऊ. त्याच्या दोन आसांमधले अंतर ५ मीटर आहे. रिकाम्या गाडीचे वजन ६ टन. इंजिन आणि केबिन पुढे असल्याने त्यातले ३.५ टन पुढच्या आसावर आणि २.५ टन मागच्या आसावर पडतात. केबिनमागे, पुढच्या आसापासून १ मीटरवर, हौद्याची पुढची भिंत सुरू होते. हौदा साडेपाच मीटर लांब, म्हणजे १८ फुटी आहे. त्यामुळे मागचा फाळका पुढच्या आसापासून ६.५ मीटरवर येतो. हौद्याचा दीड मीटर भाग मागच्या आसाच्या मागे बाहेर राहतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांमधील नियम ९३ नुसार हा मागचा लोंबता भाग दोन आसांमधल्या अंतराच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. इथे तो ३० टक्के आहे.

मर्यादांपैकी दोन कायद्यातल्या आहेत. २०१८ साली केंद्र सरकारने मालवाहू गाड्यांच्या वजनमर्यादा वाढवल्या. दोन आसांच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेले आणि चार टायरच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. उदाहरणातल्या ट्रकच्या मागच्या आसाला हीच ११.५ टनांची मर्यादा लागू होते. पुढच्या आसाची क्षमता ७ टन धरू.

या गाडीत १२ टन माल भरला आणि तो हौदाभर सारखा पसरला, तर मालाचा गुरुत्वमध्य हौद्याच्या मध्यावर, म्हणजे पुढच्या आसापासून ३.७५ मीटरवर येतो. मागच्या आसावर मालाचे १२ × ३.७५ ÷ ५ = ९ टन पडतात. गाडीचे स्वतःचे २.५ टन मिळवले की ११.५ टन होतात. पुढे मालाचे ३ आणि गाडीचे ३.५ मिळून ६.५ टन. एकूण १८ टन. गाडी सर्व मर्यादांमध्ये आहे, पण मागचा आस अगदी काठावर आहे.

वीतभर जागा

आता हाच १२ टन माल मागेपुढे सरकवून पाहू. सूत्र सरळ असल्यामुळे बदलही सरळ होतो. माल जेवढा मागे सरकेल त्याच प्रमाणात भार पुढच्या आसावरून मागच्या आसावर जातो. या गाडीत १२ टन माल १० सेंटिमीटर मागे गेला की २४० किलो भार पुढून मागे जातो. गुरुत्वमध्य अर्धा मीटर मागे, म्हणजे ४.२५ मीटरवर गेला, तर मागच्या आसावर १२.७ टन येतात. एकूण वजन तेच १८ टन, तरी मागचा आस १.२ टनांनी मर्यादेबाहेर गेला. गुरुत्वमध्य बरोबर मागच्या आसावर आला, तर मालाचे सगळे १२ टन मागे जातात आणि मागचा आस १४.५ टन पेलतो.

उलट दिशेने, गुरुत्वमध्य ३.५४ मीटरच्या पुढे आला की पुढचा आस ७ टनांची मर्यादा ओलांडतो. याचा अर्थ असा, की १२ टन मालाचा गुरुत्वमध्य ३.५४ आणि ३.७५ मीटर यांच्यामध्येच असायला हवा. एवढ्या मोठ्या हौद्यात मालाच्या मध्याला मिळणारी जागा फक्त २१ सेंटिमीटरची, म्हणजे जेमतेम वीतभर.

माल १२.५ टन झाला, म्हणजे गाडी कायद्याच्या एकूण वजनमर्यादेला टेकली, तर ही वीतभर जागाही उरत नाही. पुढचे ७ आणि मागचे ११.५ मिळून बरोबर १८.५ टन होतात, त्यामुळे दोन्ही आस एकाच वेळी पूर्ण भरलेले असावे लागतात. हे केवळ एकाच बिंदूवर घडते. गुरुत्वमध्य बरोबर ३.६ मीटरवर हवा. भरणी जितकी पूर्ण, तितकी जागेची सूट कमी. वजन कमी झाले की सूट भराभर वाढते. १० टन मालाचा मध्य ३.२५ ते ४.५ मीटर यांच्यामध्ये कुठेही चालतो, म्हणजे सव्वा मीटरची मोकळीक मिळते.

एकच जड नग

पोती किंवा खोकी हौदाभर पसरता येतात. एकाच जड नगाला मात्र जागा निवडावी लागते आणि चूक बहुधा इथेच होते. समजा, २ मीटर लांबीचे १० टनांचे यंत्र न्यायचे आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य त्याच्या मधोमध आहे. ब्रेक लागल्यावर यंत्र पुढे सरकू नये म्हणून ते हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकवून ठेवण्याचा मोह होतो. तसे केले तर त्याचा मध्य पुढच्या आसापासून २ मीटरवर येतो. मालाचे ६ टन पुढे आणि ४ टन मागे वाटले जातात. पुढच्या आसावर एकूण ९.५ टन येतात, म्हणजे क्षमतेपेक्षा अडीच टन जास्त. गाडीचे एकूण वजन मात्र १६ टन आहे आणि फक्त एकूण आकडा पाहिला तर सगळे नियमात दिसते. अशी गाडी चालवताना स्टिअरिंग जड लागते, वळणावर पुढच्या टायरच्या कडा घासतात आणि पुढचे पाटे जवळजवळ सपाट झालेले दिसतात.

हेच यंत्र उतरवायला सोपे जावे म्हणून मागच्या फाळक्याजवळ ठेवले, तर त्याचा मध्य ५.५ मीटरवर येतो. मागच्या आसावर १३.५ टन, तर पुढे फक्त २.५ टन उरतात. माल मागच्या आसाच्या पलीकडे गेल्यामुळे पुढचा आस रिकाम्या गाडीपेक्षाही हलका झाला. रिकामी असताना पुढे ३.५ टन होते, १० टन माल भरल्यावर अडीच उरले.

योग्य जागा या दोन टोकांच्या मध्ये आहे. यंत्राचा मध्य ३.२५ ते ४.५ मीटर यांच्यामध्ये येण्यासाठी पुढची भिंत आणि यंत्र यांच्यात सव्वा ते अडीच मीटर जागा मोकळी सोडावी लागते. यंत्र आता भिंतीला टेकलेले नसल्यामुळे त्याला लाकडी ठोकळे आणि साखळ्या यांनी पक्के धरून ठेवणे भाग पडते. युरोपात माल बांधण्यासाठी वापरले जाणारे मानक पुढच्या दिशेने वजनाच्या ८० टक्के आणि बाजूला व मागे ५० टक्के बलाला तोंड देईल अशी बांधणी मागते. फळीवरचे घर्षण आणि बांधणी यांनी मिळून १० टनांच्या यंत्राला पुढच्या दिशेने ८ टनांइतके बल रोखता आले पाहिजे. यंत्राचा गुरुत्वमध्य मधोमध नसेल, जसे एका टोकाला जड इंजिन असलेल्या जनरेटरमध्ये असते, तर अंतर लांबीच्या मध्यापासून न मोजता यंत्रावर दाखवलेल्या गुरुत्वमध्याच्या खुणेपासून मोजावे लागते.

अर्धी गाडी उतरवल्यावर

भरताना वाटणी बरोबर होती म्हणजे वाटेतही ती बरोबरच राहील असे नाही. समजा, प्रत्येकी २ टनांची सहा खोकी हौद्यात एकामागे एक, सारख्या अंतराने ठेवली आहेत. एकूण १२ टन, पुढे ६.५ आणि मागे ११.५ टन. पहिल्या गावात सर्वांत मागचे खोके उतरवले. वजन २ टनांनी कमी झाले, तरी पुढच्या आसावरचा भार ६.५ वरून सुमारे ६.९ टनांवर चढतो. कारण ते खोके मागच्या आसाच्या पलीकडे, साधारण एक मीटर मागे होते आणि पुढचा भाग थोडा उचलून धरत होते. ते गेले आणि पुढचा आस पुन्हा दाबला गेला. त्याच्या पुढचे खोके जवळजवळ मागच्या आसावरच आहे, म्हणून ते उतरवल्यावर पुढचा भार किंचित वाढून सुमारे ७ टनांच्या काठाला येतो. तिसरे खोके दोन आसांच्या मध्ये आहे. ते उतरवल्यावरच पुढचा भार कमी होऊ लागतो.

यातून निघणारा नियम साधा आहे. मागच्या आसाच्या पुढचा माल काढला की पुढचा आस हलका होतो, आणि मागच्या आसाच्या मागचा माल काढला की पुढचा आस जड होतो. ठिकठिकाणी माल उतरवत जाणाऱ्या गाडीत म्हणूनच प्रत्येक टप्प्यानंतरचा हिशेब भरणीच्या वेळीच करावा लागतो. गरज पडली तर उरलेला माल वाटेत मध्याकडे ओढून घ्यावा लागतो.

उलटण्याच्या आधीची सीमा

पुढच्या आसाला जशी वरची मर्यादा आहे तशी खालचीही आहे. पुढची चाके गाडी वळवतात, आणि टायर रस्त्याला आडव्या दिशेने किती धरून राहील हे मुख्यतः त्याच्यावर पडणाऱ्या भारावर अवलंबून असते. पुढचा भार फार कमी झाला तर ड्रायव्हरने चाक फिरवले तरी गाडी सरळच जाऊ पाहते. ओल्या रस्त्यावर आणि घाटातल्या तीव्र वळणावर हे लगेच जाणवते. पुढच्या ब्रेकचाही उपयोग कमी होतो, कारण हलके चाक लवकर लॉक होते. या कारणाने पुढच्या आसावर एकूण वजनाच्या किमान २० ते २५ टक्के भार असावा, असा संकेत पाळला जातो. फाळक्याजवळ ठेवलेल्या यंत्राच्या उदाहरणात हे प्रमाण १५.६ टक्के होते. ती गाडी उलटली नसती, पण रस्त्यावर चालवण्याजोगीही नव्हती.

उलटण्याची सीमा

पुढची प्रतिक्रिया कमी होत होत शून्यावर येते, तिथे उलटण्याची सीमा असते. रस्ता चाकाला वर ढकलू शकतो, पण खाली ओढून धरू शकत नाही. म्हणून हिशेबात पुढची प्रतिक्रिया उणे येऊ लागली की प्रत्यक्षात पुढची चाके उचलली जातात आणि सगळी गाडी मागच्या आसाभोवती फिरू लागते.

ही सीमा काढताना टेकू मागच्या आसावर घेणे सोयीचे असते. रिकाम्या गाडीचे पुढचे ३.५ टन, मागच्या आसापासून ५ मीटर अंतरावर, म्हणजे १७.५ टन-मीटर परिबल गाडीला खाली धरून ठेवते. मागच्या आसाच्या मागे असलेला माल तिला उलटवू पाहतो. मालाचे वजन गुणिले मागच्या आसापासूनचे अंतर १७.५ झाले की सीमा गाठली. मागच्या आसाच्या पुढे असलेला माल कितीही जड असला तरी गाडी उलटवू शकत नाही. उलट तो तिला खाली धरणाऱ्या परिबलात भर घालतो.

१२ टन मालासाठी ही सीमा मागच्या आसापासून १.४६ मीटर मागे येते, म्हणजे जवळजवळ फाळक्यावर. हौद्यात मावणारा, सारखा पसरलेला माल म्हणूनच सपाटीवर ही गाडी उलटवू शकत नाही. धोका येतो तो हौद्याबाहेर लांबणाऱ्या मालातून.

बांधकामाच्या लोखंडी सळ्यांची नेहमीची लांबी १२ मीटर असते. त्या सरळ ठेवून, पुढची टोके हौद्याच्या भिंतीला टेकवून या ट्रकमध्ये भरल्या, तर त्यांचा गुरुत्वमध्य पुढच्या आसापासून ७ मीटरवर, म्हणजे मागच्या आसाच्या २ मीटर मागे येतो. तो फाळक्याच्याही बाहेर आहे. सळ्यांचा भार हळूहळू वाढवत नेला तर तीन सीमा एकामागून एक येतात. सुमारे ३.८ टन सळ्या भरल्यावर पुढच्या आसावर एकूण वजनाच्या फक्त २० टक्के भार उरतो आणि स्टिअरिंगचा ताबा संशयास्पद होतो. सुमारे ६.४ टनांवर मागचा आस ११.५ टनांची मर्यादा गाठतो. ८.७५ टनांवर पुढची प्रतिक्रिया शून्य होते. १२ टन वाहून नेण्याच्या योग्यतेची गाडी पावणेनऊ टनांवर, उभ्या जागी, पुढची चाके उचलते.

अशा वेळी पुढे वजन ठेवून तोल साधण्याची युक्ती केली जाते. समजा, पुढच्या आसापासून २ मीटरवर ३ टन सिमेंट ठेवले. ते मागच्या आसापासून ३ मीटर पुढे असल्यामुळे खाली धरणाऱ्या परिबलात ९ टन-मीटरची भर पडते आणि उलटण्याची सीमा १३.२५ टन सळ्यांपर्यंत लांबते. पण त्याच सिमेंटमुळे मागच्या आसावर आणखी १.२ टन आले. म्हणून मागचा आस आता ६.४ ऐवजी सुमारे ५.६ टन सळ्यांवरच भरतो. उलटण्याचा धोका दूर झाला, पण आस मोडण्याचा जवळ आला. लांब मालाला उत्तर एकच, लांब गाडी किंवा ट्रेलर. शिवाय हौद्याबाहेर माल काढणे कायद्यानेही गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर बाजूने, पुढे, मागे किंवा ठरलेल्या उंचीपेक्षा वर माल काढणाऱ्याला २० हजार रुपये दंड होतो.

चढ आणि ब्रेक

गाडी चढावर गेली किंवा वेग बदलू लागली की मालाची उंची हिशेबात येते. चढावर वजनाचा थोडा अंश गाडीला मागे ओढतो. हे ओढणे रस्त्याच्या पातळीवर होत नाही. ते गुरुत्वमध्याच्या उंचीवर होते, म्हणून मागच्या आसाकडे जास्तीचा भार जातो. गेलेला भार साधारणपणे असा काढता येतो : एकूण वजन × चढाचे प्रमाण × गुरुत्वमध्याची उंची ÷ दोन आसांमधले अंतर.

वरच्या उदाहरणात ८ टन सळ्या भरल्या आहेत असे धरू. सपाटीवर पुढच्या आसावर ०.३ टन उरले आहेत, चाके अजून टेकलेली आहेत. एकूण वजन १४ टन आणि एकत्रित गुरुत्वमध्य रस्त्यापासून १.४ मीटर उंच असेल, तर दहाला एक अशा चढावर सुमारे ०.३९ टन पुढून मागे जातात. पुढे तेवढे उरलेलेच नाहीत. चाके उचलली जातात. चढावर थांबून पुन्हा निघताना इंजिनाचा जोर गाडीला पुढे ढकलतो तेव्हाही त्याच दिशेने भर पडते. गोदामात तोलून उभी असलेली गाडी घाटात किंवा उतरंडीच्या तोंडाशी मागे कलंडते, ती अशा कारणाने. एकदा पुढचा भाग उचलला की हौद्याची फळी मागे उतरती होते, बांधणी ढिली असेल तर माल आणखी मागे घसरतो आणि परिबल वाढत जाते. हे कलणे आपोआप थांबत नाही.

ब्रेक लागताना उलट घडते. १८ टनांची भरलेली गाडी, गुरुत्वमध्य दीड मीटर उंच आणि ब्रेकचा जोर वजनाच्या निम्म्याइतका, तर २.७ टन भार क्षणभर मागून पुढे जातो. पुढे ६.५ चे ९.२ टन होतात आणि मागे ११.५ चे ८.८. मागचा आस आधीच हलका असेल, तर त्याची चाके लॉक होऊन गाडीचे शेपूट बाजूला फिरू शकते. हलक्या मालाच्या उंच थप्पीपेक्षा बुटकी, जड थप्पी ब्रेकखाली आणि चढावर जास्त शांत राहते, ती याच कारणाने.

काटा करताना

आसांवरचा भार मोजायला वेगळे यंत्र लागत नाही, साधा वजनकाटा पुरतो. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यायची आणि वाचन टिपायचे. मग सगळी गाडी घ्यायची. शेवटी फक्त मागची चाके. पुढचे आणि मागचे वाचन मिळून एकूण वजनाशी जुळले पाहिजे. काटा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा रस्ता एका पातळीत नसेल, तर ही बेरीज जुळत नाही आणि चूक लगेच कळते.

समजा, उदाहरणातल्या गाडीचे वाचन पुढे ६.१ टन आणि मागे १२.१ टन आले, एकूण १८.२. एकूण वजन मर्यादेत आहे, मागचा आस मात्र ६०० किलोंनी जास्त आहे. माल उतरवायची गरज नाही, तो पुढे घ्यायचा आहे. १ टन माल जेवढे मीटर पुढे न्यावा त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढे टन मागून पुढे जातात. म्हणून १ टनाची पोती ३ मीटर पुढे नेली की ६०० किलो पुढच्या आसावर जातात. नवे वाचन पुढे ६.७ आणि मागे ११.५ टन. दोन्ही मर्यादेत. हौद्यात पुढे तेवढी जागा नसेल तरच माल कमी करावा लागतो.

काटा जवळ नसेल तेव्हा गाडीच बरेच काही सांगते. मागे भार जास्त असेल तर मागचे पाटे सपाट होतात, मागचे टायर आवळलेले दिसतात, पुढचे टायर गोल आणि फुगीर राहतात, हेडलाइटचा झोत वर जातो आणि स्टिअरिंग हलके लागते. शेवटची खूण सर्वांत गंभीर आहे, कारण ती थेट पुढच्या प्रतिक्रियेची घट दाखवते.

मर्यादा ओलांडण्याचा परिणाम फक्त त्या गाडीपुरता राहत नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या मोठ्या रस्ते-चाचणीतून असे दिसले, की रस्त्याची झीज आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. ११.५ टनांऐवजी १४.५ टन पेलणारा आस रस्त्याची झीज सुमारे अडीच पट करतो, मग गाडीचे एकूण वजन नियमात असले तरी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एकूण वजनाची मर्यादा ओलांडणाऱ्याला २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये दंड आहे. पण एकूण वजन सांभाळले म्हणजे भरणी बरोबर झाली असे होत नाही. गाडी मालाने भरल्यावर दोन्ही आसांचा वेगवेगळा काटा करावा आणि तीन आकडे पाहूनच ती रस्त्यावर काढावी : मागचा आस मर्यादेत, पुढचा आस मर्यादेत, आणि पुढच्या आसावर एकूण वजनाचा किमान पाचवा हिस्सा.